नातू म्हणतो, "लॅग गेला, नूब पण गेला." यात हसण्यासारखं काय आहे?

जुळे_सोलापूर

मंडळी, धागा काढण्यास कारण की माझ्या घरात लोक हसतात आणि मला कळत नाही कशाला.

गेल्या आठवड्यात नातू आणि त्याच्या तीन मित्रांनी आमच्या हॉलमध्ये ठाण मांडलं होतं. प्रत्येकाच्या हातात फोन, कानात बोंडं, मधे शेंगाचटणीचा डबा. त्यातला एकजण म्हणाला, "नूबनं विचारलं, लॅग कसा घालवू? म्हणलं, Alt+F4 दाब. लॅग गेला. नूब पण गेला." चौघे गडाबडा लोळले. मग दुसरा ओरडला, "भिंतीमागं गेल्यावर मेलो बे मी!" यावरही हशा. जरा वेळानं एक पाचवा मुलगा, जो त्याच्या घरून खेळत होता, तो म्हणे गायब झाला. तर नातू म्हणतो, "त्याचं नेट नाही गेलं, तो गेला." पुन्हा हशा.

मी ३४ वर्षं गणित शिकवलं. आयुष्यात पत्त्यांच्या पलीकडे काही खेळले नाही. विनोद समजावून सांगितला की मरतो, हे ठाऊक आहे. मेला तरी चालेल, पण समजावून सांगा.

---

गड्डा_२००३

काकू, पहिल्या विनोदातला नूब मीच आहे. म्हणजे आमच्या काळातला.

नवी पेठेच्या मागच्या एका गल्लीत दहा कॉम्प्युटरचा कॅफे होता. शाळा सुटली की दप्तरासकट तिथे. काउंटर स्ट्राइक चालायचं, पाच इकडे, पाच तिकडे. मी नवीन होतो आणि मला नेहमी कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं मशीन मिळायचं. ते मधेच अडकायचं. मी माऊस हलवायचो आणि पडद्यावरचा माणूस सावकाश, आळस दिल्यासारखा वळायचा. तोवर समोरच्यानं मला उडवलेलं असायचं. मी कुरकुर केली तर शेजारचा मोठा मुलगा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "Alt आणि F4 एकदम दाब. सेटिंग आहे, मशीन फास्ट होतं."

दाबलं. खेळ बंद. समोर ती विंडोजची हिरवी टेकडी आणि निळं आकाश. अख्खा कॅफे हसत होता.

कारण Alt+F4 म्हणजे उघडलेली खिडकी बंद करायची कळ. विनोद असा की सल्ला खोटा नाही. अडकणं खरोखर थांबतं, कारण खेळच थांबतो. डोकेदुखीवर मुंडकं उतरवण्याचा उपाय. आणि कळ दाबणारा तोच असणार ज्याला ती कळ काय करते ते माहीत नाही, म्हणजे नूब. म्हणून तो सापळा फक्त नूबच्याच मापाचा आहे.

---

अण्णा_होटगी_रोड

मुलांच्या हातात फोन देऊच नये. आमच्या वेळी विटीदांडू होती. डोळे जातात, मान जाते. तुमच्या नातवाला पहाटे सिद्धेश्वर तलावाभोवती चार चकरा मारायला लावा, महिन्यात सवय सुटेल.

---

जुळे_सोलापूर

अण्णा, सवय सोडवायची नाहीये हो, विनोद कळून घ्यायचाय. आणि चकरा तो मारतो, माझ्यापेक्षा जास्त.

गड्डा, मुंडकं उतरवण्याचा दाखला पटला. पण मग लॅग म्हणजे "मशीन अडकणं" एवढंच का? कारण भिंतीमागे मरायचं यात कुठे बसत नाही. फोन नवा आहे, अडकत नाही.

---

सोलापुरी_चादर

मॅडम, लॅग म्हणजे नेट स्लो. सोपं आहे. आमच्याकडे १०० चा प्लॅन होता, पोरगं रोज रडायचं, मी ३०० चा घेतला, प्रश्न मिटला. तुम्ही पण घ्या. विनोदबिनोद नाहीये तो, प्लॅन कमी आहे.

---

केबल_पूर्वभाग

चादरशेठ, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण अर्ध्यानंच घोळ होतो. मी गेली नऊ वर्षं घरोघरी नेटच्या वायरी ओढतो, आणि रात्री स्वतः पण खेळतो, त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात.

आजी, नेटला दोन वेगळी मापं असतात. एक, एकावेळी किती माल येतो. दुसरं, एक निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो. या दुसऱ्याला खेळणारी पोरं पिंग म्हणतात आणि ते मिलिसेकंदात मोजतात, सेकंदाचा हजारावा भाग. प्लॅनचे १०० आणि ३०० हे पहिलं माप. सोलापूरहून पुण्याला मोठी एसटी सोडली म्हणजे ज्यादा माणसं जातील, लवकर पोचणार नाहीत. सिनेमा बघायला ज्यादा माणसं लागतात. खेळायला एकच माणूस लागतो, पण तो पळत जाऊन पळत आला पाहिजे. पिंग ४० असलं तर कळत पण नाही. १५० ला चुकचुकल्यासारखं वाटतं. ३०० च्या पुढं गेलं की पोरं देव आठवतात.

काही वेळ तर कमी होऊच शकत नाही. समजा खेळाचं मुख्य मशीन सिंगापूरला आहे. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईपासून सिंगापूर सरळ धरलं तरी ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ७,८००. म्हणजे ३९ मिलिसेकंद नुसत्या वाटेतच गेली, मधल्या डब्यांचा वेळ वेगळाच. चादरशेठनी ३,००० चा प्लॅन घेतला तरी ही ३९ राहणारच.

आता भिंत. तुम्ही गणिताच्या बाई, तुम्हाला मजा येईल.

खेळात चार फोन असोत की शंभर, खरा खेळ कुठल्याच फोनवर चालत नाही. तो त्या लांबच्या मशीनवर चालतो. फोनवर दिसतो तो आलेला निरोप. पण तुमचा स्वतःचा माणूस निरोपाची वाट बघत नाही. बोट सरकवलं की फोन त्याला लगेच पळवतो आणि वर कळवतो, "मी इथं पोचलो". नाहीतर प्रत्येक पाऊल उशिरा पडल्यासारखं वाटेल.

समजा नातवाचं पिंग ३८० आहे, म्हणजे एका बाजूला १९०. शत्रूचं ४०, एका बाजूला २०. नातू स्वतःच्या फोनवर भिंतीच्या कोपऱ्याला पोचला, तो क्षण शून्य धरा. ही खबर मशीनला मिळते १९० व्या मिलिसेकंदाला, शत्रूच्या फोनवर दिसते २१० व्या. म्हणजे तोवर शत्रूला नातू उघड्यावरच पळताना दिसतोय. तो गोळी घालतो. गोळीची खबर मशीनला २३० ला. मशीन म्हणतं, "हो, याला तो दिसत होता, लागली." ते नातवाच्या फोनवर पोचायला आणखी १९०. एकूण ४२०. माणूस सेकंदाला ६ मीटर पळतो असं धरलं तर एवढ्यात नातू भिंतीमागं अडीच मीटर आत गेलाय, सुटकेचा श्वास सोडलाय, आणि मग मरतो.

तो कोपऱ्यावरच मेलेला होता, आजी. तार उशिरा आली.

---

जुळे_सोलापूर

"तार उशिरा आली" वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आमच्या गावी मामा वारल्याची तार आली तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी लाडू बांधत होतो. असो.

गणित वहीत मांडून पाहिलं. ०.४२ गुणिले ६, २.५२ मीटर. बरोबर आहे. पण एक शंका. नातवाच्या फोनवर तो भिंतीमागे, शत्रूच्या फोनवर तो उघड्यावर. दोघेही खरंच बघत होते. मग मशीनने शत्रूचंच का ऐकलं?

---

केबल_पूर्वभाग

काय प्रश्न विचारलात! ह्याच्यावर रोज रात्री भांडणं होतात.

नेम धरून मारणाऱ्या बहुतेक खेळांत मशीन घड्याळ थोडं मागं फिरवून बघतं की मारणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं. त्याला दिसलं आणि नेम बरोबर असला तर गोळी लागली. असं नाही केलं तर मारणाऱ्याला समोर दिसणाऱ्या माणसावर नाही, तो अंदाजे पुढं जिथं असेल तिथं गोळी मारावी लागेल. पूर्वी काही खेळांत तसंच होतं.

---

गड्डा_२००३

मला हे आजही पटत नाही. ज्याला दिसलं त्याचं खरं, मग जो लपला त्यानं काय करायचं? लपणं हे पण कसबच आहे. घड्याळ मागं फिरवायला काहीतरी हद्द पाहिजे.

---

केबल_पूर्वभाग

हद्द असते, पण प्रत्येक खेळाची वेगळी. तिच्या पलीकडचं मशीन मोजत नाही, आणि मग मारणारा बोंबलतो की "गोळी लागली होती". कुणीतरी एकजण रडणारच. फक्त कोण, ते ठरवायचं.

---

चिन्मयी_आता_पुण्यात

गड्डादादांच्या नूबच्या व्याख्येत मला एक भर घालायची आहे. नुसत्या नवख्याला नूब म्हणत नाहीत, निदान आमच्या टोळीत तरी. नवखा विचारतो. नूबला येत नाही आणि तो सल्ले देतो.

आजी, एक नमुना देते. बीजीएमआय किंवा पबजी पाहिलंय का नातवाचं? त्यात रिकाम्या घरांची दारं सुरुवातीला सगळी बंद असतात. म्हणजे एखादं दार उघडं दिसलं की समजायचं, आत कुणी येऊन गेलंय किंवा अजून आहे. जुना खेळाडू आत शिरला की मागे दार लावून घेतो. नूब सताड उघडं टाकून वरच्या मजल्यावर लपून बसतो आणि माइकवर आम्हाला सांगतो, "आवाज करू नका, मी लपलोय." मी मॅचमध्ये हे ऐकलंय. दोन मिनिटांनी कुणीतरी खालून बाँब टाकला.

म्हणून आमच्यात कुणी घरीसुद्धा दार उघडं टाकलं की "नूब" म्हणतात. आईला राग येतो.

---

गड्डा_२००३

आमच्याकडे पंधरा वर्षं खेळलेल्या दोस्तालाच नूब म्हणायचो. खऱ्या नवख्याला कुणी म्हणायचं नाही, बिचारा येणं बंद करेल. तेव्हा व्याख्येवर असहमत.

---

चिन्मयी_आता_पुण्यात

ते "काय बे येडं" सारखं झालं दादा, दोस्ताला चालतं. अनोळखी लॉबीत तोच शब्द शिवीच असतो. तिथे तर मुलीचा आवाज ऐकला की खेळ न बघताच नूब म्हणतात, आणि तो विनोद नसतो. मी कितीतरी वेळा माइक बंद ठेवूनच खेळते.

---

यंत्रमाग_अशोकचौक

माझा प्रश्न. मला लॅग फक्त एप्रिल-मेमध्ये येतो. दुपारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत खेळतो, पत्र्याखाली. हिवाळ्यात काही नाही. उन्हानं नेट वितळतं का?

---

केबल_पूर्वभाग

नेट नाही भाऊ, फोन. सोलापूरचं ४३ डिग्री ऊन, वर पत्रा, त्यात खेळ. फोन तापला की जळू नये म्हणून स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो. चित्र झटके देत पुढं जातं. गड्डाच्या जुन्या मशीनसारखं. पोरं ह्याला पण लॅगच म्हणतात, पण रोग वेगळा.

ओळखायचं कसं ते सांगतो. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा असतो. तो हिरवा, कमी आहे आणि तरी सगळं चित्र, तुमच्या माणसासकट, अडखळतंय, तर फोन तापलाय. कव्हर काढा, चार्जर काढा, चित्राची क्वालिटी कमी करा. आकडा लाल आहे, तुमचा माणूस मजेत पळतोय, पण बाकीचे पुतळे झालेत आणि मग एकदम उडी मारून दुसरीकडे दिसतात, किंवा तुम्ही दहा पावलं पुढं गेलात आणि कुणीतरी रबर ओढल्यासारखं मागं आणून ठेवलं, तर नेट.

---

जुळे_सोलापूर

मागे आणून ठेवलं! हे मी पाहिलंय. नातू ओरडत होता, "मी पूल ओलांडला होता!"

तिसरा विनोद राहिला. "नेट नाही गेलं, तो गेला."

---

गड्डा_२००३

तो रेज क्विट. हरायला लागलं, टाळकं फिरलं, मॅच अर्धवट टाकून निघून गेला. चौघांच्या टोळीत राहिले तिघे, समोर चौघे. पत्त्यांत तीन हात हरल्यावर पानं फेकून उठणारे काका आठवा. प्रत्येक घरात एक असतात.

फरक एवढाच की काका समोर असतात. इथे माणूस दिसत नाही, म्हणून नंतर तो ग्रुपवर लिहितो, "सॉरी, नेट गेलं." सगळ्यांना माहीत असतं.

---

चिन्मयी_आता_पुण्यात

ओळखायची आमची पद्धत: नेट गेलेला माणूस अर्ध्या शब्दात जातो. "अरे उजवीकडे ब—" आणि शांतता. रेज क्विटवाला शिवी पूर्ण करून जातो.

शिवाय नेट गेलेला परत येतो. बऱ्याच खेळांत चालू मॅचमध्ये परत शिरता येतं. रागावलेला दुसऱ्या दिवशी येतो, आणि वारंवार केलं तर काही खेळ त्याला थोडा वेळ नवीन मॅच देत नाहीत. आमच्या एकाची पाळी आली होती. तेव्हाही म्हणाला, नेट.

---

सोलापुरी_चादर

पण मग माझा ३०० चा प्लॅन घेतल्यावर प्रश्न मिटला कसा? केबलभाऊ, ते सांगा आधी.

---

केबल_पूर्वभाग

तेच अर्धं बरोबर. तुमच्या घरी बहुतेक कुणीतरी दुसरं माणूस त्याच वेळी नेट भरून टाकत असणार. वाट भरली की राउटरच्या दारात रांग लागते आणि खेळाचा छोटासा निरोप त्या रांगेत शेवटी उभा राहतो. प्लॅन वाढला, रांग हटली. रांग नसतीच तर ३०० नं काही फरक पडला नसता.

आजी, नातवाला पिंग कधी वाढतं ते विचारा. रोज ठराविक वेळी वाढत असेल तर लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडून हे चालवायला सांगा, एकात एक:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला तुमच्या घरातल्या राउटरपर्यंतचा वेळ. काही राउटरचा नंबर वेगळा असतो, मागच्या लेबलवर बघा. दुसरा बाहेरपर्यंतचा. पहिलाच उड्या मारत असेल तर वायफायचा दोष, राउटर जवळ आणा नाहीतर वायर लावा. पहिला २-३ वर शांत आणि दुसरा भडकला, तर रांग किंवा बाहेरची भानगड.

---

जुळे_सोलापूर

काल रात्री केलं. नातवाने टंकलं, मी वहीत आकडे घेतले.

पावणेनऊला राउटर ३, बाहेर २६. नऊ वाजून दहा मिनिटांनी राउटर ४, बाहेर ३६०, ४०५, ३८८. नातू म्हणाला, बघ, रोज हेच, नऊला सुरू. दहाला पुन्हा २७.

आमचा प्लॅन ४० चा आहे. बिलावर वर पाठवायचा वेग ५ लिहिलाय.

---

केबल_पूर्वभाग

झालं. वर पाठवायची वाट बारीक आहे आणि नऊ ते दहा कुणीतरी घरातून काहीतरी वर पाठवतंय. ५ च्या वाटेवर राउटरनं अडीचशे केबीची रांग धरली तरी ती म्हणजे २० लाख बिट. ५० लाखाच्या वेगानं निघायला ०.४ सेकंद. तुमच्या वहीतले ४०० तिथून आले. नऊ वाजता घरात काय होतं?

---

जुळे_सोलापूर

सांगायला लाज वाटते. नऊ वाजता मी हॉलमधून उठून खोलीत जाते आणि माझा फोन वायफायला जोडते. माझे सगळे फोटो आपोआप वर साठवले जातात, मुलीने तशी सोय करून दिलीय. गेल्या महिन्यात पुतण्याच्या मुलाचं बारसं झालं, मी पाळण्याचे सतरा व्हिडिओ काढले. ते रोज रात्री थोडे थोडे चढत होते.

आज फोनचं वायफाय बंद ठेवलं. नऊ ते दहा बाहेर २५ ते ३१. एकदा साडेनऊला ११० झालं आणि परत खाली आलं, ते कशाने कळलं नाही.

नातवाने टोळीला सांगितलं की लॅग सापडला, तो ६७ वर्षांचा आहे आणि गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. आता मॅच सुरू करायच्या आधी चौघे एका सुरात ओरडतात, "आजी, Alt+F4!" मी मुकाट्याने फोन चार्जिंगला लावून झोपते.

---

गड्डा_२००३

हहपुवा. काकूंना दंडवत.

---

अण्णा_होटगी_रोड

सतरा व्हिडिओ फार होतात.

---

केबल_पूर्वभाग

आजी, चार्जिंगला लावू नका! बरेच फोन नेमकं चार्जिंग आणि वायफाय दोन्ही मिळालं की फोटो चढवायला काढतात. वायफाय बंद करायला एक दिवस विसरलात की नातू परत भिंतीमागं मरणार.